पुदुच्चेरीचा डास भुसावळच्या उन्हात

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड जरा जास्त पिकला की त्याच्याभोवती लाल डोळ्यांची बारीक चिलटं जमतात. आपण हाताने हाकलतो, केळं सोलतो, खातो. त्या चिलटांच्या पेशींमध्ये, विशेषतः मादीच्या अंडाशयात, अनेकदा वोलबाकिया नावाचा जिवाणू राहत असतो. तो आपल्याला बाधत नाही. किड्याच्या पेशीबाहेर त्याला जगताच येत नाही, आणि हवेतून किंवा पाण्यातून तो पसरत नाही. आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जायचं, एवढी एकच वाट त्याला रोजच्या जगण्यात मोकळी असते.

चिलटातला हाच जिवाणू डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासात घालून ते डास गावात सोडावेत का, हा आता आपल्या देशापुढचा खरा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरीतल्या डासविषयक केंद्राने २०२२ साली वोलबाकिया असलेल्या एडिसच्या दोन जाती तयार झाल्याचं जाहीर केलं. मी सोडण्याच्या बाजूचा आहे. पण जी चर्चा ऐकू येते ती ‘सरकार डास सोडणार म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार’ आणि ‘इंडोनेशियात जमलं म्हणजे इथेही जमणार’ या दोन टोकांमध्ये अडकली आहे. खानदेशाच्या दृष्टीने दोन्ही टोकं बिनकामाची. आपला प्रश्न उन्हाचा आहे, आणि त्याच्या जोडीला घरातल्या साठवलेल्या पाण्याचा.

किड्याने जिवाणू अंगात बाळगणं यात नवल काहीच नाही. कपाशीवरचा मावा दिवसभर झाडाचा रस ओढतो. रसात साखर भरपूर आणि अत्यावश्यक अमिनो आम्लं अगदी कमी. म्हणून जास्तीची साखर तो मागून टाकतो, तोच पानांवरचा चिकटा. कमी पडणारी आम्लं त्याला बुखनेरा नावाचा जिवाणू बनवून देतो, आणि त्या जिवाणूसाठी माव्याच्या शरीरात खास पेशी राखून ठेवलेल्या असतात. खाटेतल्या ढेकणाची अडचण वेगळी. तो जन्मापासून मरेपर्यंत फक्त रक्तावर जगतो, आणि रक्तात ब गटातली जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. ढेकणाला ती पुरवतो वोलबाकिया. जपानी संशोधकांनी २०१० साली दाखवलं की प्रतिजैविक देऊन ढेकणातला वोलबाकिया मारला तर पिल्लांची वाढ खुंटते आणि माद्यांची अंडी नीट उबत नाहीत. त्याच ढेकणांना रक्तातून ब जीवनसत्त्वं दिली की गाडी रुळावर येते. ढेकणाच्या घरी हा जिवाणू अन्न रांधणारा आहे.

डासाला असा रांधणारा लागत नाही, कारण त्याची अळी पाण्यातला गाळ आणि सूक्ष्मजीव खाऊन वाढते आणि हवं ते तिथेच मिळवते. मग ज्या घरी आपली गरज नाही त्या घरी वोलबाकियाने टिकायचं कसं? इथे तो दुसरी चाल खेळतो. नराच्या शुक्राणूंमध्ये तो असा काही फेरफार करतो की त्या नराशी जुगलेल्या, वोलबाकिया नसलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. मादीतही वोलबाकिया असेल तर ती तो फेरफार उलटवते आणि अंडी व्यवस्थित फुटतात. म्हणजे वोलबाकिया असलेल्या मादीला कुठलाही नर चालतो, नसलेल्या मादीला वोलबाकियावाला नर वाया जातो. जिवाणू मादीकडूनच पुढे जात असल्यामुळे बिनजिवाणूच्या माद्यांचा वंश खुंटवणं त्याच्या फायद्याचं ठरतं. थोडा गुंडगिरीचाच प्रकार, पण बिनतोड.

आपल्या गटारात वाढणाऱ्या क्युलेक्स डासात वोलबाकिया पूर्वीपासून आहे. १९२४ साली हर्टिग आणि वोलबाक यांना तो पहिल्यांदा सापडला तोच क्युलेक्समध्ये. घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एडिसमध्ये मात्र तो निसर्गतः नसतो म्हटलं तरी चालेल. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी चिलटातला वोलबाकिया आधी डासाच्या पेशींमध्ये प्रयोगशाळेत वाढवून तिथल्या राहणीची सवय लावली, मग बारीक सुईने एडिसच्या अंड्यांत टोचला. त्यातून दिसलं की ज्या एडिसमध्ये वोलबाकिया मुरतो त्याच्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही. डासाच्या जनुकांना इथे कोणी हात लावलेला नाही. एका किड्यातला जिवाणू दुसऱ्यात गेला, इतकंच.

इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात याची मोठी चाचणी झाली. शहराचे २४ भाग पाडून त्यातल्या १२ भागांत वोलबाकियावाल्या एडिसची अंडी घरोघरी बादल्यांत ठेवली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला: ज्या भागांत डास सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी, आणि डेंग्यूमुळे दवाखान्यात दाखल होणं ८६ टक्क्यांनी कमी. आकडे भक्कम आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण योग्यकार्ता दमट, हिरवं शहर आहे. तिथे बारा महिने पारा तिशीच्या आसपास खेळतो. भुसावळच्या माणसाला तिथला उन्हाळा दिवाळीसारखा वाटेल.

ऊन आणि वोलबाकिया यांचा संबंध नीट समजून घ्यायला हवा, कारण खानदेशातली सगळी गोम तिथेच आहे. एडिसमध्ये घालायला दोन वाण मुख्यतः वापरात आहेत. एक चिलटातून घेतलेला, त्याचं शास्त्रीय नाव डब्ल्यूमेल. दुसरा एडिसच्याच चुलत भावातून, म्हणजे आशियाई वाघ्या डासातून घेतलेला, त्याचं नाव डब्ल्यूअल्बीबी. मी त्यांना चिलटाचा वाण आणि वाघ्याचा वाण म्हणतो. पुदुच्चेरीत दोन्ही घातलेले डास आहेत. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अळ्या वाढत असताना पाण्याचं तापमान रोज २६ ते ३७ अंशांत वरखाली फिरवलं. चिलटाच्या वाणाची डासातली संख्या कोसळली, नरांची अंडी नासवण्याची ताकद घटली आणि आईकडून पिल्लांत जाणंही गळू लागलं. वाघ्याचा वाण बऱ्यापैकी टिकला.

हे प्रयोगशाळेपुरतंच नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात उष्णतेची लाट आली, पारा ४३.६ अंशांवर गेला. तिथे वोलबाकियावाले डास २०११ पासून बस्तान बसवून होते, जवळजवळ शंभर टक्के. लाटेनंतर महिनाभरात हे प्रमाण ८३ टक्क्यांवर घसरलं आणि पुढच्या एप्रिलपर्यंत पुन्हा पूर्ववत झालं. केर्न्सची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून मोकळी झाली, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. तिथे अशी लाट दोन दिवसांची पाहुणी असते. आपल्याकडे ४३ अंश हा मे महिन्यातला साधा मंगळवार.

हे किती गंभीर आहे ते थोड्या हिशेबाने दिसतं. समजा वोलबाकिया बाळगल्यामुळे मादीची पैदास वीस टक्के कमी होते; म्हणजे शंभरऐवजी ऐंशी पिल्लं. आता गावात शंभरातले तीस डास वोलबाकियावाले आहेत असं धरू. बिनजिवाणूच्या मादीला दहापैकी तीन वेळा चुकीचा नर मिळतो, तिची पैदास शंभरावरून सत्तरवर येते. ऐंशी विरुद्ध सत्तर. वोलबाकिया पुढे सरकतो, आणि दर पिढीला वेग वाढत जातो. तीसच्या जागी दहाच डास असते तर उलटं झालं असतं: ऐंशी विरुद्ध नव्वद, आणि काही पिढ्यांत वोलबाकिया गायब. म्हणजे या हिशेबात वीस टक्क्यांचा उंबरठा आहे. तो ओलांडेपर्यंत डास सोडत राहायचं, नंतर गाडी आपोआप चालते.

आता यात मे महिना घाला. उन्हाने नरांची ताकद निम्मी झाली असं धरा. तीस टक्के नर आहेत, पण ते निम्मीच अंडी नासवतात, म्हणून बिनजिवाणूच्या मादीची पैदास शंभरावरून पंच्याऐंशीवरच येते. ऐंशी विरुद्ध पंच्याऐंशी. जो वोलबाकिया फेब्रुवारीत जिंकत होता तोच मेमध्ये हरू लागला. उंबरठा वीसवरून चाळीसवर गेला, आणि आईकडून पिल्लांत जाताना होणारी गळ तर मी यात धरलेलीच नाही. गावात प्रमाण आधीच ऐंशी टक्के असेल तर मात्र बिनजिवाणूच्या मादीची पैदास साठवर येते आणि ऐंशी विरुद्ध साठ हा सामना उन्हातही आपल्याच बाजूने राहतो. हे माझे मांडणीचे आकडे आहेत, मोजमापाचे नाहीत, पण त्यांतून एक गोष्ट निघते: खानदेशात डास जानेवारीनंतर सोडायला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस सुरू झाल्यावर, ऑगस्टपासून सोडून मार्चच्या आत प्रमाण ऐंशीच्या वर नेलं पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, मग वाघ्याचा वाण घ्या की, तो उन्हाला टिकतो. माझाही कल तिकडेच आहे. क्वालालंपूरमध्ये तो सोडून डेंग्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं २०१९ साली नोंदलं गेलं आहे. पण त्याची दुसरी खोड आहे. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कोरडी राहून महिनोन् महिने तग धरतात. वाघ्याचा वाण असलेली अंडी फार काळ कोरडी राहिली तर त्यांतून निघणाऱ्या माद्यांपैकी बऱ्याच वांझ निघतात. आपल्याकडे पावसाळा लागला की कूलर गच्चीवर नाहीतर माळ्यावर जातो, तो पुढच्या मार्च-एप्रिललाच खाली उतरतो. त्याच्या टाकीच्या कडेवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर अंडी असतातच. पाणी भरलं की आठ-दहा दिवसांत घरात डास. म्हणजे एक वाण उन्हात मार खातो आणि दुसरा कोरड्यात. आपल्याकडे दोन्ही भरपूर.

कूलरचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या मते इथेच खानदेशाचं गणित कागदावरच्या गणितापेक्षा वेगळं पडतं. डासाची अळी हवेत वाढत नाही, पाण्यात वाढते. कोरड्या हवेत चालू कूलरचं पाणी बाष्पीभवनाने थंड होतं. बाहेर ४३ अंश असताना ते हवेपेक्षा पंधरा अंशांनी तरी थंड राहतं. सावलीतल्या रांजणाचंही तसंच. म्हणजे मे महिन्यात आपण ज्या पाण्यात डास पाळतो ते पाणी कदाचित योग्यकार्ताइतकंच सुखाचं असेल. उलट गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं आणि तिथे अळीचाच निभाव लागणं अवघड. मधली भांडी म्हणजे अंगणातला सिमेंटचा हौद, न्हाणीघरातला ड्रम, दुपारी वीज गेल्यावर बंद पडलेला कूलर. यांचं पाणी नेमकं पस्तीस-सदतीसच्या घरात घुटमळत असेल तर चिलटाच्या वाणाचं काही खरं नाही. या भांड्यांपैकी कशातून किती डास निघतात आणि त्या पाण्याचं तापमान तासातासाला काय असतं, हे मोजल्याशिवाय कुठला वाण आणायचा ते ठरवता येणार नाही. त्याला परदेशी यंत्र लागत नाही. तापमान आपोआप नोंदणारी छोटी उपकरणं पाण्यात सोडून ठेवायची आणि अळ्या मोजायच्या.

ही भांडी एवढी का, हा प्रश्न नगरपालिकांना विचारायला हवा. आमच्या गावाचं नाव घेत नाही, पण खानदेशातल्या कितीतरी गावांत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. आणि भिंतीवर लिहिलेलं असतं: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. ज्या बाईने पाच दिवसांचं पाणी ड्रममध्ये भरलंय तिने तो ड्रम ओतून द्यायचा? उन्हाळ्यात अळीचा डास व्हायला आठवडाही पुरतो, म्हणून सल्ला शास्त्राला धरून आहे. फक्त तो रोज नळ येणाऱ्या गावासाठी लिहिलेला आहे. मी वोलबाकियाच्या बाजूचा आहे त्याचं मुख्य कारण हेच. पाण्याचं वेळापत्रक सुधारायला किती वर्षं लागतील ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तोवर ड्रम राहणार, म्हणून एडिस राहणार. एडिस राहणारच असेल तर तो डेंग्यू न पसरवणारा असलेला बरा.

अमळनेरकडच्या आमच्या एका शेजाऱ्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘भाऊ, मच्छर कमी करानं सोडीसन आखो मच्छरच सोडतस का?’’ त्यांची शंका हसण्यावारी न्यायची नाही. या पद्धतीत नरांबरोबर माद्याही सोडाव्या लागतात, आणि माद्या चावतात. काही आठवडे गावात डास वाढलेले जाणवतील. शिवाय त्या काळात धूरफवारणी थांबवावी लागते, नाहीतर आपणच सोडलेले डास आपणच मारायचे. सिंगापूर फक्त नर सोडतं. तिथे उद्देश वेगळा: अंडी नासवून डासांची संख्याच खाली आणायची. पण त्यासाठी नर-मादी वेगळे करणारा कारखाना आणि वर्षानुवर्षं सोडत राहण्याचा खर्च लागतो. तो खर्च सिंगापूरला झेपतो. आमच्या नगरपालिकेला गप्पी मासे वाटायला माणूस मिळत नाही.

रिओ दी जानेरोच्या एका वस्तीत जे झालं ते खानदेशाला थेट लागू आहे. पहिल्या खेपेला सोडलेले डास तिथे टिकलेच नाहीत. कारण शोधलं तेव्हा कळलं की लोक घरात डास मारायची औषधं सर्रास फवारतात, त्यामुळे गावचे डास त्या औषधांना निबर झालेले. प्रयोगशाळेतले डास मात्र नाजूक. औषधाने गावचे वाचले आणि पाहुणे मेले. मग गावच्या डासांशी संकर करून निबर वाण तयार केला तेव्हा तो टिकला. आपल्या घरांत अगरबत्ती, कॉइल, भिंतीत खोचायची बाटली यांतून त्याच गटातली औषधं रात्रभर चालू असतात. पुदुच्चेरीचा डास जसाच्या तसा आणून भुसावळच्या घरात सोडला तर आठवडाभरात तो झाडूने गोळा करावा लागेल. आधी भुसावळच्या, जळगावच्या, धुळ्याच्या डासांची अंडी तिकडे न्या, पिढ्यान्‌पिढ्या संकर करा आणि मग आणा. यात वेळ जातो, म्हणून घाईत हीच पायरी गाळली जाण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

संशयाला आपल्या देशात इतिहासही आहे. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत डासांच्या जननिक नियंत्रणाचं केंद्र उघडलं होतं, अमेरिकेच्या पैशावर. सोनीपतला एडिस डास सोडायची तयारी झाली होती. तेवढ्यात वर्तमानपत्रांतून आणि संसदेतून प्रश्न उठले की परक्या देशाला आपल्या डासांत एवढा रस का, हा जैविक युद्धाचा अभ्यास तर नाही. १९७५ साली सोनीपतचा प्रयोग ऐनवेळी थांबला आणि केंद्रही बंद झालं. आरोपांत तथ्य किती होतं हा वाद निराळा. पण ज्यांच्या अंगणात डास सोडायचे त्यांना सगळं आधी नीट सांगितलं असतं तर अफवांना एवढी जागा मिळाली नसती. तीच चूक पुन्हा करायची गरज नाही. त्यात एक अवघड गोष्टही लपवू नये: वोलबाकिया एकदा गावात बसला की तो परत बोलावता येत नाही. फवारणी थांबवली की संपली, तसं हे नाही.

म्हणून मला हवी ती चाचणी लहान आहे. यावल किंवा फैजपूरच्या आकाराचं एक गाव घ्यावं. एडिस आयुष्यभरात काहीशे मीटरच फिरतो, त्यामुळे शेतांनी वेढलेलं गाव स्वतःच एक बेट असतं. पहिला उन्हाळा नुसती भांडी मोजण्यात आणि पाण्याची तापमानं नोंदवण्यात घालवावा, म्हणजे वाण ठरेल. त्याच काळात गावच्या डासांशी संकर. ग्रामसभेत किंवा प्रभागात मंजुरी, तीही लेखी. पावसाळ्यात सोडायला सुरुवात. नंतर दर पंधरा दिवसांनी अंडी गोळा करायची: पाणी भरलेल्या काळ्या पेल्यात कापडाची पट्टी लावून ठेवली की एडिस तिच्यावर अंडी घालतो. त्यांतून निघालेल्या डासांत वोलबाकिया आहे का ते पीसीआर चाचणीत दिसतं. तो टक्का गावाच्या फलकावर लिहायचा, पाणी येण्याच्या वेळेशेजारी.

फेब्रुवारीत हा टक्का ऐंशीच्या वर दिसला म्हणून कोणी पेढे वाटू नयेत. पहिला खरा आकडा मे अखेरचा, आणि त्यानंतर जुलैचा, कारण मेमध्ये तापलेल्या अळ्यांच्या लेकी तोवर अंडी घालत असतील. जुलैत तो ऐंशीच्या आसपास टिकला असेल तर वाण जमला. चाळीसच्या खाली आला असेल तर चिलटाचा वाण बाजूला ठेवावा आणि वाघ्याचा वाण घेऊन पुढच्या ऑगस्टला पुन्हा सुरुवात करावी, त्या वेळी कूलर माळ्यावर टाकण्याआधी टाकी आतून घासून घेण्याचं काम प्रत्येक घराकडे देऊन.